लोणचं फोटोत काळं का पडतं

“ताई, आमचं लोणचं एकदा चाखलं की माणूस बरणी घेतल्याशिवाय उठत नाही, पण तेच फोटो काढून मोबाईलवर टाकलं की काळंकुट्ट, तेलकट दिसतं. महागातला मोबाईल घ्यावा लागेल का? आमच्या बचत गटात येऊन तासभर सांगाल का?”

मोबाईल नका घेऊ. आहे तो पुरतो, फक्त आधी त्याची मागची काच पदराने पुसा, कारण स्वयंपाकघरातल्या मोबाईलवर तेलाच्या बोटांचा थर असतोच आणि त्यातून काढलेला फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो. मी गटात बोलायला जाते तेव्हा सुरुवातच इथून करते, सगळ्या हसतात आणि मग गुपचूप काच पुसतात.

गेल्या उन्हाळ्यात भोरकडच्या एका गटात गेले होते, तिथलंच सांगते. त्यांची अर्धा किलोची कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी होती. फोटो काढलेला रात्री, कामं आवरल्यावर, ओट्यावर. वर ट्यूबलाईट, बाजूला पिवळा बल्ब, खाली फुलाफुलांचं मेणकापड आणि वरून मोबाईलचा फ्लॅश. तेलावर फ्लॅशचा पांढरा ठिपका, बाकी बरणी काळी, फोडी कुठे मसाला कुठे काही कळेना. एकीने सुचवलं की खाली पांढरं कापड टाकू, उठून दिसेल. म्हटलं टाका, बघूया. तर लोणचं आणखी काळं!

इथे सगळ्या बुचकळ्यात पडल्या, आणि खरी मेख इथेच आहे. मोबाईलला लोणचं कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो. समोर जे असेल ते एकूण मध्यम उजेडाचं दिसावं असा त्याचा प्रयत्न असतो. चौकटीत पांढरंच पांढरं असलं की त्याला वाटतं फार उजेड झाला, मग तो सगळंच अंधारं करतो, कापड राखाडी होतं आणि लोणचं, जे मुळातच गडद, ते डांबरासारखं. उलट काळ्या कापडावर ठेवलं तर तो उजेड वाढवतो आणि मसाला फिका, धुतल्यासारखा दिसतो. म्हणून खाली मधल्या रंगाचं काहीतरी घ्यायचं, गोणपाट, लाकडी पाट, मातीच्या रंगाचा साधा कागद. आणि स्क्रीनवर बोट नेमकं लोणच्यावर दाबून धरायचं. बहुतेक मोबाईलमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. फोडीची साल आणि मोहरीची डाळ वेगवेगळी दिसायला लागली की थांबायचं. एवढं एक जमलं तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे उजेड कुठून येतो ते. आम्ही बरणी उचलून दारापाशी नेली, सकाळचे दहा वाजले असतील, ऊन थेट अंगावर येत नव्हतं पण भरपूर उजेड होता. घरातले सगळे दिवे बंद करायला लावले, कारण दिव्याचा पिवळा आणि दारातला पांढरा असे दोन उजेड एकत्र आले की मोबाईल गोंधळतो आणि हळद एका बाजूने हिरवट, एका बाजूने केशरी दिसते. मग बरणी अशी ठेवली की उजेड डाव्या बाजूने, किंचित मागून येईल. समोरून आलेला उजेड सगळं सपाट करतो. बाजूने आला की फोडीला सावली पडते आणि तेल चमकतं. तेच चकलीचं, समोरच्या उजेडात फोटो काढला तर चकलीचे काटे दिसतच नाहीत, बाजूच्या उजेडात एकेक काटा मोजून घ्या. उजव्या बाजूला फार अंधार वाटला तर तिकडे एक पांढरा थर्माकोल नाहीतर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू उभी करायची. (कालनिर्णयची चालणार नाही, मागेही छापलेलं असतं!)

बरणीची एक छोटी युक्ती आहे. बरणीच्या मागे, तिच्याहून थोडा लहान कापलेला पांढरा पुठ्ठा तिरपा टेकवून ठेवायचा, पुढून दिसणार नाही असा. दारातला उजेड त्याच्यावर आपटून मागून बरणीत शिरतो आणि वरचा तेलाचा थर सोनेरी दिसतो. अर्थात खाली मसाला दाट असेल तिथून उजेड आरपार जाणार नाही, त्यामुळे बरणीच्या पोटात काय आहे ते दाखवायचा अट्टहास सोडून द्यायचा, त्यासाठी शेजारी पसरट बशीत चार-पाच फोडी काढून ठेवायच्या. बशी स्टीलची नको, तिच्यात छतापासून काढणाऱ्याच्या नाकापर्यंत सगळं दिसतं. बरणीच्या काचेतही तेच होतं म्हणून फोटो काढणारीने शक्यतो गडद रंगाचं नेसावं. त्या दिवशी एका काकूंची पोपटी साडी प्रत्येक फोटोत बरणीवर आली होती आणि लोणच्याला बुरशी आल्यासारखं दिसत होतं.

काढलेल्या फोडी परत बरणीत टाकायच्या नाहीत हे तुम्हाला मी काय सांगणार, पण फोटोच्या नादात विसरायला होतं. बरणीचा काठ पुसायचा तोही कोरड्या कापडाने. आणि फार जवळ जाऊन फोटो काढू नका, बरणीचं पोट फुगलेलं दिसतं. दोन-तीन फूट मागे जा, मग नंतर फोटो कापून चौकोनी करा.

आता रंगाबद्दल माझं थोडं कडक मत आहे. फोटो काढून झाल्यावर फिल्टर लावून लाल करायचा मोह सगळ्यांना होतो, काही मोबाईल तर खायचं ताट दिसलं की आपणहून रंग भडक करतात, ती सोय बंद करा. मी स्वतः हे पाप केलंय. सुरुवातीला एका मैत्रिणीच्या लोणच्याचे फोटो मी काढले, घातलं त्याच दिवशी, फोडी हिरव्यापिवळ्या, मसाला लालभडक, काय सुंदर दिसत होतं. लोकांनी मागवलं आणि महिन्याभराने मुरलेलं लोणचं त्यांच्या घरी पोचलं, तपकिरी. चव पहिल्यापेक्षा चांगली, तरी तिघींनी विचारलं की हे जुनं आहे का. चूक लोणच्याची नव्हती, फोटो चुकीच्या दिवसाचा होता. तेव्हापासून मी सांगते की ज्या दिवशी माल पाठवण्याजोगा होतो त्या दिवशी फोटो काढा. ताजा फोटो टाकायचाच असेल तर खाली लिहा, हा घातल्या दिवशीचा, मुरल्यावर रंग गडद होतो.

फोटो एकच टाकून भागत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये एका वस्तूला दहापर्यंत फोटो लावता येतात, मी चार पुरे म्हणते. लेबलसकट बरणी, बशीतल्या फोडी, मागचं लेबल वाचता येईल असं जवळून, आणि चौथा हातात धरलेली बरणी. हा चौथा फोटो कोणी टाकत नाही, पण एकट्या बरणीचा फोटो बघून ती पाव किलोची की किलोची काही समजत नाही. फोटो दुसरीच्या मोबाईलवर पाठवायचे असतील तर साधे नका पाठवू, बारीक होऊन जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि गूगलवरून दुसऱ्याच्या लोणच्याचा फोटो उचलायचा नाही, तो त्याच्या मालकीचा असतो आणि माल तुमचा तसा नसतो.

मग येतं लिहिणं. त्या गटाने लिहिलं होतं, “आजीच्या हातची अस्सल गावरान चव, एकदा खाल तर परत याल.” वाचायला छान, पण घेणारीला यातून काहीच कळत नाही. आम्ही ते खोडून त्यांनाच विचारलं की फोनवर लोक काय काय विचारतात. तेल कुठलं, गूळ आहे का, तिखट किती, लसूण आहे का, किती दिवस टिकतं, आमच्या गावाला येईल का. बस, हीच उत्तरं ओळीने लिहायची. शेवटी झालं ते असं:

“कैरीचं लोणचं, मध्यम तिखट, 500 ग्रॅम. शेंगदाणा तेलात. कांदा-लसूण नाही, गूळ-साखर नाही. घटक: कैरी, तेल, मीठ, मोहरीची डाळ, मिरची पूड, मेथी, हळद, हिंग (यात गव्हाचं पीठ आहे). कोरडा चमचा वापरा.”

हिंगाचं वाचून सगळ्या चकित झाल्या. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीवर बघा, लिहिलेलं असतं. ज्यांना गहू चालत नाही त्यांना ते कळायलाच हवं. घटकांचा क्रमही मनाने नाही लावायचा, वजनाने जे सगळ्यात जास्त ते आधी. आणि 500 ग्रॅम म्हणजे आतलं लोणचं, बरणी धरून नाही. रिकामी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, मग भरा. बरणीवर 500 मिली लिहिलंय म्हणून त्यात 500 ग्रॅम बसेल असं धरू नका, त्या गटाचं तिथेच चुकत होतं.

एफएसएसएआयच्या नोंदणीचा 14 आकडी नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, किंमत आणि पत्ता हे लेबलवर हवंच, म्हणूनच तर मागच्या लेबलचा वेगळा फोटो. टिकण्याचे दिवस अंदाजाने वाढवून लिहू नका, तुम्ही स्वतः बाजूला ठेवून बघितलेत तेवढेच. “शुगरवाल्यांना चालतं”, “पोटाचे विकार बरे होतात” असलं काही लिहायचं नाही, आजार बरा करण्याचा दावा खाण्याच्या मालावर कायद्यानेच करता येत नाही. एकीला ते फार लागलं, तिच्या आवळ्याच्या लोणच्याची तीच जाहिरात होती. काढून टाकलं.

चिवडा-शेवेचं त्या दिवशी फार बोलता आलं नाही. एवढंच सांगितलं की प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोटो काढू नका, पिशवी चमकते आणि आतलं दिसत नाही, वाडग्यात काढा आणि शेंगदाणे, डाळं, खोबरं वर आणून मांडू नका, जसं निघेल तसं. मुठीमुठीने खोबरं फोटोत आणि पाकिटात चार कापं, यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी तिखटमिठावरून होत नाहीत.

निघताना त्या पोपटी साडीच्या काकूंनी स्वतः शेवटचा फोटो काढला, बरणी सुनेच्या हातात दिलेली, हिरव्या बांगड्या, अंगठ्याला थोडा मसाला लागलेला. मी म्हटलं अंगठा पुसून परत काढू. त्या म्हणाल्या, “राहू द्या, लोणचं भरणारीचाच हात आहे तो.” मी गप्प बसले, तोच फोटो कॅटलॉगला पहिला लावलाय त्यांनी.