ठोकळा हलणार का नाही, भाग ३ : तिरकी फळी आणि यंत्रमाग

मागच्या वेळी सपाट फळीवर मोजून झालं होतं. ५०० ग्रॅमचा सागवानी ठोकळा, त्याला दोरा, दोरा पुलीवरून खाली आणि टोकाला पारडं. पारड्यात साधारण २०० ग्रॅम झालं की ठोकळा सुटतो, म्हणजे घर्षणाचा गुणांक म्यू ०.४० धरला. (सगळे आकडे ग्रॅम-वजनातच ठेवलेत, न्यूटनमध्ये न्यायची इथं गरज पडत नाही.)

ते बघून अकरावीतला भाचा म्हणाला, मामा, घर्षण म्हणजे म्यू गुणिले फळीवरचा दाब एन, ते आलं २००, आणि तू १०० नेच ओढतोयस, मग ठोकळा उलट्या बाजूला का पळत नाही? प्रश्न एकदम बरोबर आहे. २०० ही घर्षणाची मर्यादा आहे, ठोकळा थांबलेला असताना घर्षण तेवढंच असतं असं नाही. १०० ने ओढलं तर घर्षण १०० च लागतं, ३० ने ओढलं तर ३०, काहीच ओढलं नाही तर शून्य. म्हणून आधी घर्षणाचा आकडा काढायचाच नाही, आधी समजायचं की ठोकळा थांबलाय, मग तो थांबून राहायला घर्षण किती आणि कुठल्या बाजूला लागेल ते काढायचं, आणि ते मर्यादेत बसतंय का तेवढं बघायचं. बसलं तर ठोकळा हलत नाही, आणि घर्षण म्हणजे तोच लागणारा आकडा.

सपाटावर हे सोपं वाटतं, खरी मजा तिरक्या फळीवर आहे म्हणून या वेळी तेच केलं. १ मीटरची फळी, एक टोक २१ सेंमी उचललं. उतारावरून खाली ओढणारा भाग ५०० × ०.२१ = १०५ ग्रॅम. फळीवरचा दाब साधारण ४८९, त्यामुळं मर्यादा ०.४० × ४८९ म्हणजे १९६ च्या आसपास. नुसता ठेवला तर लागणारं घर्षण १०५, वरच्या दिशेला, मर्यादेच्या आत, ठोकळा गप बसतो.

आता पुली वरच्या टोकाला लावून ठोकळा वर ओढायला लागलो. पारडं धरून १०० ग्रॅम टांगले तर घर्षणाला फक्त ५ ग्रॅमचं काम उरलं! वजन वाढवलं आणि घर्षण कमी झालं, हे भाच्याला दोनदा सांगावं लागलं. २०० टांगले की घर्षण ९५, पण आता खालच्या दिशेला, कारण ठोकळा आता वर जायला बघतोय. दिशा मध्येच, १०५ वर उलटली आणि ठोकळा तसूभर हलला नाही. सुटणार कधी? १०५ + १९६ = ३०१ वर. आणि पुली खालच्या टोकाला लावून उताराच्या दिशेनं ओढलं तर १९६ − १०५ = ९१ लाच सुटायला पाहिजे. म्हणजे तोच ठोकळा, तीच फळी, वर ओढताना २५० सुद्धा "हलका धक्का" आणि खाली ओढताना १०० सुद्धा जास्त.

प्रत्यक्षात वर ओढताना पहिल्या दिवशी २८० लाच सुटला, तीनदा केलं तरी २७५ ते २८५. पुलीतल्या घर्षणामुळं तर उलट ३०१ पेक्षा थोडं जास्तच लागायला पाहिजे, मग कमी कसं? आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग, दिवसभर खटखट चालू. पारड्यात पाणी ठेवून बघितलं तर पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. संध्याकाळी लाइट गेली, माग बंद पडले, लगेच टॉर्च लावून परत केलं तर ३१०. फळी थरथरते तेव्हा दाब क्षणभर कमी होतो, त्या क्षणाला मर्यादाही खाली येते आणि ठोकळा तेवढ्यात सरकतो. ३१० मधले साधारण १० पुलीचे, ते वेगळे तपासले, दोन्ही बाजूला सारखं वजन टांगून एका बाजूला किती वाढवल्यावर फिरते ते बघितलं.

अजून एक, वजन पारड्यात टाकायचं नाही, हातानं आधार देऊन हळू सोडायचं. टाकलं की दोरा क्षणभर वजनापेक्षा जास्त ताणला जातो आणि तुम्ही २५० म्हणत असता तेव्हा ठोकळ्याला ३०० च्या वर बसलेलं असतं. दोऱ्याचा ताण म्हणजे पारड्याचं वजन हे फक्त सगळं शांत असताना खरं, ठोकळा सुटून वेग घ्यायला लागला की ताण वजनापेक्षा कमी होतो, त्यामुळं सुटल्यानंतरच्या हालचालीवरून म्यू काढायला जाऊ नका, तिथं घर्षणही वेगळं, कमी असतं.

एवढं केल्यावर माझा हिशेब असा, की लागणारं घर्षण मर्यादेच्या दहा-पंधरा ग्रॅम आत-बाहेर असेल तर हलेल का नाही हे कागदावर सांगायचं नाही, करूनच बघायचं. खालच्या बाजूचं ९१ अजून मोजायचं राहिलंय, पुली खालच्या टोकाला बसवायला क्लॅम्प पाहिजे, आणि ते माग बंद असतानाच करणार.