चिनी बायर्सना न्यू इयरच्या शुभेच्छा पाठवताना (माझा अनुभव)

आमचं सूत एक्सपोर्टचं काम आहे, इचलकरंजीजवळ. बरेच बायर ग्वांगतोंग प्रांतातले आणि एकदोन हाँगकाँगचे. त्यांचं घोड्याचं वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला लागलं, त्याच्या शुभेच्छांचं काम माझ्याकडे आलं. वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद, त्यामुळे जे काय ते मेलनेच.

साहेबांनी मजकूर दिला तो आपण दिवाळीला लिहितो तसाच: गेल्या वर्षीच्या अडचणी संपोत, आजारपण दूर राहो, तुमच्या वर्षात तुम्हाला खूप यश मिळो, आणि खाली ता.क. म्हणून मागच्या कंटेनरचं बाकी पेमेंट. म्हटलं पाठवायच्या आधी हाँगकाँगच्या आमच्या एजंटना दाखवू, तिथलेच आहेत, वयस्कर आहेत, त्यांना सगळं माहीत. त्यांनी फोनवर एकेक ओळ घेतली आणि जवळजवळ सगळं उडवलं.

पहिलं म्हणजे अडचण, आजार, संपणं, तोटा हे शब्दच नकोत, भले तुम्ही ते "दूर होवो" म्हणत असाल. सणाच्या दिवसांत वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही असं तिकडे मानतात. मला हे लगेच पटलं, आपण नाही का दुकान बंद केलं न म्हणता दुकान वाढवलं म्हणतो, तसंच. मग "आजार दूर राहो"च्या जागी सरळ "तब्येत उत्तम राहो", शन-थी च्येन-खांग. अर्थ तोच पण वाक्य होकारार्थी.

दुसरं मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्या एका मोठ्या बायरचा जन्म १९७८ चा, म्हणजे घोडाच, म्हणून साहेबांनी "तुमचं वर्ष" लिहिलेलं. पण आपल्या राशीचं वर्ष, जे दर १२ वर्षांनी येतं, ते तिकडे जपून राहायचं वर्ष मानतात! लोक लाल पट्टा, लाल मोजे घालतात वर्षभर, संकट टळावं म्हणून. त्याचं अभिनंदन करणं म्हणजे एखाद्याला साडेसाती लागल्याबद्दल पेढे मागण्यासारखं. ती ओळ गेली.

ता.क. तर त्यांनी वाचूनच हसत बाजूला ठेवला. तिकडे जुनी देणी-घेणी वर्ष बदलायच्या आधी मिटवायची पद्धत आहे, त्यामुळे पेमेंटची आठवण आधी करायला काहीच हरकत नाही, उलट तीच योग्य वेळ, पण वेगळ्या मेलमध्ये. शुभेच्छांत पैसे मागितले की सगळं मुसळ केरात. आम्ही ती मेल फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात टाकली, कारण सरकारी सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी असली तरी कामगार गावी निघतात म्हणून फॅक्टऱ्या आधीच थंड होतात, अकाउंट्सवालाही सापडत नाही.

आता राहिलं काय लिहायचं ते. नेहमीचं "शिन न्येन ख्वाय-ल", म्हणजे हॅपी न्यू इयर, कुठेही चालतं असं मला वाटायचं. एजंट म्हणाले बाकी चीनमध्ये खुशाल लिहा, पण ग्वांगतोंग-हाँगकाँगकडचे जुने व्यापारी जरा बिचकतात, कारण कँटोनीजमध्ये ख्वाय-लचा उच्चार होतो फाय-लोक, आणि "लवकर पडणं"सुद्धा फाय-लोकच. सुताचा भाव आधीच वरखाली, त्यात कोण ऐकून घेणार! सगळेच पाळतात असं नाही, पण तिथे आनंदासाठी दुसरा शब्द आहे, यू-फाय, तो घातला की प्रश्नच नाही.

शेवटी मजकूर झाला चारच ओळींचा. वर आडनाव आणि पुढे "त्झोंग", हे मालक किंवा मोठ्या पदावरच्या माणसाला लावतात. मग नव्या वर्षाच्या शुभेच्छा, मग शंग-ई शिंग-लोंग म्हणजे धंद्याची भरभराट, मग ते तब्येतीचं, आणि घोड्याचं वर्ष म्हणून मा-ताओ छंग-कोंग, घोडा पोचला की फत्ते झालीच. (इंटरनेटवर घोड्याचे वाक्प्रचार शोधाल तर मा-मा हु-हु पण सापडेल, त्याचा अर्थ कसंबसं, जेमतेम, तो चुकूनही नको.) चीनवाल्यांना सोप्या लिपीत, हाँगकाँगवाल्यांना जुन्या लिपीत, दोन वेगळ्या फाइल केल्या. कार्ड लाल-सोनेरी, पण नावं लाल अक्षरांत नाहीत, ते अशुभ. पांढरं-काळं कार्डही नाही, ते मयताचे रंग. साहेबांना सोबत कंपनीच्या लोगोचं टेबल घड्याळ पाठवायचं होतं, आपल्याकडे सगळेच देतात, पण चिनीत "घड्याळ भेट देणं" आणि "शेवटचा निरोप देणं" ऐकायला एकच, त्यामुळे तेही बारगळलं.

मेल १६ तारखेला, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. कुणाची राहिलीच तर पंधराव्या दिवसापर्यंत, म्हणजे ३ मार्चच्या कंदील सणापर्यंत शुभेच्छा चालतात. दोघांचं उत्तर आलं ते नुसतं "कुंग हेइ फात चोय", भरपूर पैसा मिळो, त्यावर परत थँक्यू न लिहिता "थुंग हेइ" लिहायचं, तुम्हालाही तेच. आणि तो १९७८ वाला बायर, त्याने मार्चमध्ये ऑर्डरच्या मेलसोबत लाल मोज्यांचा फोटो पाठवला.