कारले कुठे होते त्यात?

दादांनी आज कारल्याची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, ताट स्वच्छ केले आणि हात धुवायला उठता उठता म्हणाले, "छान झाली गं, पण कारलं कुठं होतं त्यात?" ते वर्तमानपत्र घेऊन बसलेही, आणि मी ओटा पुसताना त्या वाक्यापाशीच अडकले. ही स्तुती होती की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मनूला रीत लिहून पाठवायचीच आहे, म्हणून सकाळी काय केले ते क्रमाने आठवून पाहते. पाव किलो कारली होती. त्यांच्या वरच्या शिरा सुरीने हलक्या खरवडल्या, उभे दोन भाग करून निबर बिया काढून टाकल्या आणि रुपयाच्या नाण्याहून किंचित जाड असे काप केले. त्यांना चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर हळद चोळून अर्धा तास झाकून ठेवले. मीठ कापांमधले पाणी बाहेर ओढते आणि गरातली कडू द्रव्ये काही प्रमाणात त्या पाण्याबरोबर निघून येतात. त्यामुळेच काप जाड असले, तर अर्ध्या तासानेही आतला भाग जसाच्या तसा राहतो. मीठ लागले की नाही, हे ओळखण्यासाठी एक काप वाकवून पाहावा. तो न मोडता लवला, तर पिळायला घ्यावे आणि कट्कन तुटला, तर आणखी थोडे थांबावे.

पिळणे हेच खरे काम आहे. सगळे काप एकदम दाबले, तर मधले कोरडे होत नाहीत, म्हणून मूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत घट्ट दाबावे लागतात. हिरवट, फेसाळ पाणी थेंबाथेंबाने पडते आणि शेवटी तेही थांबते. त्या पाण्याचा एक थेंब मी जिभेवर ठेवून पाहिला, आणि आपण काय फेकून देत आहोत ते चांगलेच कळले. दादांना हवे असलेले कारले बहुधा तिथेच, मोरीत वाहून गेले.

एवढे करून हे ऐकायचे! अर्धा तास मुरवणे, मनगट दुखेपर्यंत पिळणे, मग कढईपाशी उभे राहणे, आणि वर हा प्रश्न. मी भाजीत काही कमी ठेवले नव्हते. कदाचित तेच त्यांना खटकले असेल. आई असती तर... पण ते राहू दे.

तळण्याचेही लिहिते. कढईत तीन मोठे चमचे तेल चांगले तापवून काप शक्यतो एका थरात पसरले, आच मध्यम ठेवली आणि झाकण मुळीच ठेवले नाही. झाकण ठेवले की वाफेचे पाणी परत कढईत पडते, काप तळले न जाता शिजतात आणि लिबलिबीत होतात. सुरुवातीला मोठा चरचराट होतो. पाणी उडून गेले की तो मंदावतो आणि कडा तपकिरी होऊ लागतात. याला साधारण पंधरा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात सारखे ढवळू नये. तळल्याने कडूपणा नाहीसा होत नाही. उरलेल्या कडूपणावर खमंगपणा मात करतो, एवढेच. कांदा त्यानंतर घालावा, तिखट आणि गूळ अगदी शेवटी, आच मंद करून, कारण गूळ करपला तर त्याचा स्वतःचा कडूपणा भाजीत उतरतो.

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे म्हणतात. तळणे आणि घोळणे दोन्ही त्यात आहे, पण मीठ लावून पिळण्याचा उल्लेख नाही. ही म्हण करणाऱ्याने एक पायरी गाळली होती, हे लक्षात आल्यावर मला एकटीलाच हसू आले आणि दादांवरचा रागही निम्मा उतरला. त्यांना कारले कडू हवे आहे, यात माझ्या हाताचा दोष तो काय!

कडूपणा किती ठेवायचा, हे शेवटी मुठीच्या दाबावर आहे. पुढच्या वेळी त्यांच्या वाट्याचे काप थोडे जाड चिरीन, मीठ दहाच मिनिटे लावीन आणि नुसते निथळून तळीन. मनूला मात्र पूर्ण पिळायला लिहिले आहे. पिळल्यावर फार खारट लागले तर काप पाण्यातून काढावेत, पण मग ते पुन्हा पिळावेत, नाहीतर ओले काप तेलात तडतडतात. पिळूनही बरेचसे मीठ कापांत राहते, म्हणून भाजी चाखेपर्यंत मिठाच्या डब्याला हात लावू नकोस, हे वाक्य मी दोनदा लिहिले आहे.