छायाचित्रातील पुसट आकडा आणि रांगेतील सोळा मिनिटे

गेल्या आठवड्यात म्हापशाहून माझ्या भाच्याने एका छापील उदाहरणाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिले, "मावशी, रांगेत थांबण्याचा वेळ ऋण येतोय, असं कसं होईल?" तिकिटाची एकच खिडकी आहे, तासाला सरासरी १२ प्रवासी येतात आणि एका प्रवाशाला सरासरी ४ मिनिटे लागतात, तर रांगेत सरासरी किती वेळ थांबावे लागेल, असे ते उदाहरण होते.

त्याने ४ हाच सेवेचा दर धरला होता. वास्तविक ४ मिनिटे हा एका सेवेचा कालावधी आहे. दर हवा तर ६० ला ४ ने भागावे लागते आणि तो तासाला १५ प्रवासी असा येतो. आगमनाचा दर λ सेवेच्या दराहून, म्हणजे μ हून, मोठा धरला की μ − λ ऋण होतो, आणि तशा स्थितीत रांग कधी स्थिरावतच नसल्यामुळे रांगेतील सरासरी वेळेचे सूत्र तिला लागूच पडत नाही.

एवढ्यावर काम भागले असते. पण चित्र मोठे करून पाहताना १२ मधला दुसरा अंक पानाच्या घडीवर आलेला दिसला, आणि तो २ आहे की ३, हे काही केल्या ठरेना. म्हणून मी दोन्ही धरून रांगेतील सरासरी वेळ, म्हणजे Wq, काढून पाहिला.

```
Wq = λ / (μ(μ − λ))
λ = १२:  १२ / (१५ × ३) तास = १६ मिनिटे
λ = १३:  १३ / (१५ × २) तास = २६ मिनिटे
```

तासाला अवघा एक प्रवासी वाढला आणि थांबणे दहा मिनिटांनी वाढले, कारण छेदातील फरक ३ वरून २ वर आला. खिडकीची क्षमता जवळजवळ भरत आली की रांग अशीच झपाट्याने लांबते. निर्णय शेवटच्या उपप्रश्नाने दिला. खिडकी एक पंचमांश वेळ रिकामी असते हे सिद्ध करा, असे तिथे म्हटले होते, आणि १ − १२/१५ बरोबर एक पंचमांश येते, तर १३ घेतल्यास दोन पंधरांश येते.

भाच्याने नंतर २० मिनिटे हेही उत्तर काढले होते. ते 1/(μ − λ) या सूत्राचे आहे आणि त्यात खिडकीवरची ४ मिनिटे धरलेली असतात. प्रश्नात "रांगेत" हा शब्द असल्याने १६ च योग्य.

मला मात्र एक शंका राहिली होती, कारण छायाचित्रात वरची ओळ कापली गेली होती. आगमन पॉयसाँ वितरणाचे आणि सेवेचा वेळ घातांकी वितरणाचा असेल तरच वरचे सूत्र चालते. प्रत्येकाला नेमकी ४ मिनिटेच लागत असती, तर रांगेतील सरासरी वेळ निम्मा, म्हणजे ८ मिनिटे झाला असता. मी त्याला संपूर्ण पानाचे छायाचित्र उजेडात पुन्हा काढायला सांगितले. त्यात वरच्या ओळीत दोन्ही वितरणांची नावे स्पष्ट होती, आणि घडी उलगडल्यावर २ ही दिसला.