मागितलं काय?

संस्कृतच्या आमच्या बाई कुठलंही काव्य शिकवताना पहिल्या श्लोकाशी अडून बसायच्या. मंगलाचरण म्हणजे देवाला नमस्कार, तो झाला की पुढे चला, असं आम्हा मुलींना वाटे. बाई मात्र विचारत, “नमस्कार केला, ठीक. पण मागितलं काय?” त्या प्रश्नाने मला वाचायला शिकवलं. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी त्याबद्दलच लिहिते आहे.

तेव्हा फळ्यावर कालिदासाच्या रघुवंशाचा पहिला श्लोक होता:

वागर्थाविव संपृक्तौ वागर्थप्रतिपत्तये ।
जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ ॥

आम्ही अन्वय लावला, समास सोडवले. मग बाईंचा प्रश्न आला. कालिदास विघ्ननाश मागत नाही, कीर्तीही मागत नाही. शब्द आणि अर्थ नीट हाती यावेत, एवढंच त्याचं मागणं. आणि ते कोणाकडे? शब्द आणि अर्थ जसे एकमेकांत मिसळलेले असतात, तसे जे मिसळलेले आहेत त्या दोघांकडे. मागणं आणि दैवत यांची जोडी जुळलेली आहे. इथे दुसऱ्या देवाचं नाव घातलं तर श्लोकच मोडेल. बाईंनी काव्यशास्त्रकार दंडीचा नियमही सांगितला होता: महाकाव्याच्या तोंडी आशीर्वाद, नमस्कार किंवा वस्तुनिर्देश, म्हणजे काव्याच्या विषयाचा थेट उल्लेख, यांतलं काहीही एक चालतं. म्हणूनच कुमारसंभव नमस्काराशिवाय थेट हिमालयाच्या वर्णनाने सुरू होऊ शकतं.

पुढे कॉलेजात ग्रीक कवी होमरचं इलियड अनुवादातून हाती आलं आणि तोच प्रश्न मी तिथे नेला. पहिल्या सात ओळींत कवी देवीला, म्हणजे काव्यदेवता म्यूझला, म्हणतो: पेलेउसच्या मुलाचा, अकिलीजचा क्रोध गा. त्या क्रोधाने अकियन, म्हणजे ग्रीक सैन्यावर असंख्य दुःखं आणली, कितीतरी वीरांचे आत्मे पाताळात धाडले, त्यांची शरीरं कुत्र्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी दिली, आणि यात झ्यूसची इच्छा पुरी होत गेली. सुरुवात कुठून करायची हेसुद्धा तो सांगतो: अगामेम्नॉन आणि अकिलीज यांचं पहिल्यांदा बिनसलं तिथून. या सात ओळींत ट्रॉयचं नाव नाही, हेलनचं नाही. ट्रॉयच्या दहा वर्षांच्या युद्धातून कवीने एका माणसाचा राग उचलला आहे, आणि बाकीचं येईल ते त्या रागाच्या अनुषंगाने. दंडीच्या भाषेत हा वस्तुनिर्देशच, फक्त तो विनंतीच्या रूपात आला आहे.

मला सर्वांत भिडली ती आठवी ओळ. तिथे प्रश्न आहे: या दोघांना कोणत्या देवाने भांडायला लावलं? नववी ओळ उत्तर देते: लेटो आणि झ्यूस यांच्या मुलाने, म्हणजे अपोलोने. आणि गोष्ट सुरू होते. प्रश्न कवीचा आहे, मग उत्तर कोणाचं? देवी बोलू लागली, की कवीच बोलतो आहे? होमर ते सांगत नाही. दोन आवाजांमधला सांधा शोधूनही सापडत नाही, आणि तिथून पुढचं सगळं काव्य त्या एकत्र झालेल्या आवाजात चालतं. माझ्या मते आवाहनाचं खरं काम हेच आहे.

पण मदत नेमकी कशासाठी, हे कळतं ते दुसऱ्या सर्गात. तिथे ग्रीकांच्या जहाजांची यादी सुरू व्हायची असते. एकोणतीस पथकं, त्यांचे नायक, त्यांची गावं आणि सगळी मिळून हजाराहून अधिक जहाजं. त्याआधी कवी थांबतो आणि पुन्हा हाक मारतो, या वेळी सगळ्या म्यूझना. तुम्ही देवी आहात, तुम्ही तिथे हजर असता, तुम्हाला सगळं ठाऊक असतं. आमच्या कानी नुसती कीर्ती येते, आम्हाला काहीच ठाऊक नाही, असं तो म्हणतो. दहा जिभा, दहा मुखं, न थकणारा आवाज आणि काशाचं काळीज असलं, तरी तुम्ही आठवण करून दिल्याशिवाय त्या सगळ्या सैन्याची नावं मला सांगता येणार नाहीत.

होमर इथे प्रतिभा मागत नाही, साक्ष मागतो. दुसरा प्राचीन ग्रीक कवी हेसिअड याच्या सांगण्याप्रमाणे म्यूझ या स्मृतीच्या, म्नेमोसिनीच्या मुली. लिहिलेलं पान समोर नसताना शेकडो नावं क्रमाने म्हणणाऱ्या गायकाला स्मृतीच्याच लेकींना बोलवावं लागणार. म्हणून इलियडमध्ये पुढेही हाक येते ती बहुतेक नेमक्या तपशिलाच्या तोंडी. ग्रीकांच्या जहाजांना आग पहिल्यांदा कशी लागली, हे सोळाव्या सर्गात म्यूझनाच विचारलं जातं. ‘पहिल्यांदा कोण’, ‘पहिल्यांदा कसं’ हे गर्दीतल्या माणसाला दिसत नाही. त्याला सगळं पाहणारा साक्षीदार लागतो.

मात्र हा साक्षीदार आपल्या मर्जीचा आहे. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी मेंढ्या राखणाऱ्या हेसिअडला म्यूझ सांगतात, की आम्हाला खऱ्यासारखं दिसणारं पुष्कळ खोटं बोलता येतं, आणि मनात आलं तर खरंही. हे वाचल्यावर होमरच्या त्या विनवणीतली काकुळती मला जास्त जाणवू लागली. विचारणाऱ्याला उत्तर पडताळून पाहायची सोय नाही.

रोमन कवी व्हर्जिलच्या एनिड या महाकाव्यापर्यंत येताना चित्र पालटतं. ‘शस्त्रं आणि तो वीर मी गातो’, असं तो आधी स्वतःच सांगून टाकतो. म्यूझला हाक आठव्या ओळीत, आणि तीही कारणं विचारण्यासाठी: एवढ्या धर्मनिष्ठ माणसामागे जूनो देवीने इतके कष्ट का लावले? सातव्या सर्गातल्या सैन्याच्या यादीपूर्वी तोही होमरसारखाच म्हणतो, की तुम्हाला आठवतं, आमच्यापर्यंत कीर्तीची बारीकशी झुळूक येते. दहा जिभांच्या मात्र त्याच्याकडे शंभर झाल्या आणि आवाज लोखंडाचा झाला. पाताळातल्या पाप्यांची गणती करता येणार नाही, हे सांगताना भविष्य सांगणारी सिबिल ते शब्द वापरते. व्हर्जिलने उसनं घेतलं तरी जागा नेमकी निवडली. पुढच्या कित्येक काव्यांत ही जिभांची संख्या आणि काव्यदेवतेची हाक नुसती रीत म्हणून येते. ते ओळखायला बाईंचा प्रश्न पुरतो. मागणं या काव्याचं आहे, की कुठल्याही काव्याला चालेल असं? विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या ओळींत मिळतं का? हाक काढून टाकली तर काही अडतं का?

याच कसोटीवर मी नंतर रघुवंश पुन्हा वाचला आणि शाळेत घाईत मागे पडलेले श्लोक दिसले. सूर्यवंश कुठे आणि माझी तोकडी बुद्धी कुठे, दुस्तर समुद्र मी लहानशा होडीने तरायला निघालो आहे, असं कालिदास म्हणतो. उंच माणसाच्या हाताला येणाऱ्या फळासाठी हात वर करणारा बुटका, अशी स्वतःची प्रतिमाही तो उभी करतो. मग ‘अथवा’ म्हणून वळतो: पूर्वीच्या कवींनी या वंशात वाणीचं दार उघडून ठेवलं आहे, हिऱ्याने वेध पाडलेल्या रत्नात दोरा सहज शिरतो, तशी माझी गती आहे. होमरला जी माहिती देवीकडून हवी होती, ती कालिदासाकडे आधीच्या कवींकडून आलेली आहे. उरतात शब्द आणि अर्थ, आणि तेवढेच त्याने पहिल्या श्लोकात मागून ठेवले होते. त्यानंतर नवव्या श्लोकात तो म्हणतो, ‘रघूणामन्वयं वक्ष्ये’, रघूंचा वंश मी सांगेन.