पाचवीचा वर्ग दुसऱ्या बाईंच्या हाती देताना

प्रसूती रजेवर जाण्याआधी माझ्या वर्गासाठी मी जी वही तयार केली, ती पहिल्या खेपेला चाळीस पानांची झाली होती. रजा १८० दिवसांची, म्हणजे सहामाही, दिवाळीची सुट्टी आणि दुसऱ्या सत्राचा बराचसा भाग त्यातच जाणार. म्हणून मी गणिताचं रोजचं टाचण फेब्रुवारीपर्यंत लिहून काढलं. माझा वर्ग सांभाळणाऱ्या बाई माझ्याहून बारा वर्षांनी सीनियर. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि म्हणाल्या, "अगं, मेहनत लई केलीयस. पण सोमवारी पहिल्या तासाला गेल्यावर मी फळ्यावर काय लिहू, आणि कोणाच्या वहीत आधी बघू, ते ह्यात कुठं हाय सांग बघू."

ते कुठंच नव्हतं. "गुणाकार व भागाकार : पूर्ण" असं मी लिहिलं होतं, आणि नियोजनाच्या दृष्टीनं ते खरंही होतं. पण पूर्ण झाला होता तो माझा शिकवण्याचा भाग. मुलं कुठवर आली आहेत, ते त्या एका शब्दात नव्हतं.

आमची शाळा कोल्हापूरच्या एका पेठेत आहे. वर्गात ४१ मुलं. जुलैच्या शेवटी पावसानं पंचगंगेचं पाणी चढलं की नदीकाठच्या भागातली मुलं येत नाहीत आणि शाळाही काही दिवस बंद राहते. यंदा नेमका भागाकार त्याच दिवसांत सापडला होता. पुढं अपूर्णांक येणार, दुसऱ्या सत्रात विभाज्य-विभाजक आणि दशांश अपूर्णांक. भागाकार कच्चा राहिला तर सममूल्य अपूर्णांकापाशीच गाडी अडणार, हे मला दिसत होतं. म्हणून ठरवलं की वहीचा गाभा भागाकारच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला चारच उदाहरणं दिली: ३९६ ÷ ३, ६१८ ÷ ६, ५२५ ÷ ७ आणि ८४० ÷ ४. वेळ वीस मिनिटं, खोडरबर वापरायचा नाही. खोडलं की चूक कुठं झाली ते दिसत नाही. पहिलं उदाहरण सरळ आहे. रीतच येत नसेल तर मूल तिथंच अडतं. बाकीच्या तिन्हींत एकेक खड्डा आहे.

६१८ ÷ ६ मध्ये सहाला सहाचा भाग एकदा गेला, मग एक खाली आला. एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून वर शून्य लिहून आठ खाली घ्यायचा. बरीच मुलं ते शून्य न लिहिताच आठ खाली घेतात आणि उत्तर १०३ च्या जागी १३ येतं. तीच मुलं ८४० ÷ ४ मध्ये २१ वर थांबतात. एकाच उदाहरणात चुकलं तर घाई झाली असेल, दोन्हीकडं चुकलं तर ती सवय आहे, एवढं त्यावरून कळतं.

५२५ ÷ ७ ची गंमत वेगळी आहे. सात सत्ते एकोणपन्नास हे मुलाला पाठ असतं, पण ५२ मधून ४९ वजा करताना हातचा न घेता ते मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं आणि खाली १७ लिहितं. बाकी भाजकापेक्षा मोठी आली तरी त्याला खटकत नाही. अशा मुलाला भागाकार पुन्हा शिकवून काही उपयोग नाही. त्याची वजाबाकी बघायला हवी.

वह्या तपासल्या तेव्हा १९ जणांची चारही बरोबर होती. ११ जण शून्य गाळत होते, ६ जणांची वजाबाकी चुकत होती आणि ५ जणांचे सात-आठचे पाढे कच्चे होते. ही वाटणी मला आधी माहीत नव्हती. महिनाभर त्यांना मीच शिकवत होते, तरीही.

मग वही नव्यानं लिहिली. पहिल्या दहा दिवसांचं टाचण तपशिलात, त्यापुढचं फक्त आठवड्याचं. सहा महिन्यांचं रोजचं टाचण पहिल्या पावसाच्या सुट्टीलाच मागं पडतं आणि वाचणाऱ्याला उगाच आपणच मागं आहोत असं वाटतं. प्रत्येक घटकासमोर दिवस कमी पडले तर काय आटोपतं घ्यायचं ते लिहिलं. वर्तुळाला दोन तास कमी दिले तर चालेल, अपूर्णांकाचा एकही कापू नका. नवरात्रात मंदिराच्या आसपास दुकानं असणाऱ्यांची मुलं कमी येतात, म्हणून त्या आठवड्यात नवा घटक काढू नका, हेही.

शून्य गाळणाऱ्या ११ जणांसाठी पहिल्या पाच दिवसांचं काम नेमकं लिहिलं. खेळण्यातल्या नोटा घेऊन ६१८ रुपये सहा जणांत वाटायला लावायचे. शंभराच्या सहा नोटा एकेक वाटल्या. दहाची एकच, ती सहा जणांत वाटता येत नाही, म्हणून दहाच्या रकान्यात प्रत्येकाला शून्य. तिचे सुट्टे करून आठात मिळवले की अठरा, प्रत्येकाला तीन. मगच वहीत मांडणी. आणि सोडवण्याआधी तोंडी विचारायचं, प्रत्येकाला शंभरापेक्षा जास्त मिळतील की कमी? हे विचारलं की १३ उत्तर मुलालाच खटकतं.

वर्गाची माहिती लिहिताना एका ठिकाणी मी हात आवरला. एका मुलाला फिट येते, एका मुलीच्या घरी वाद चालू आहेत. ही वही स्टाफरूमच्या टेबलावर पडणार, कुणीही उघडणार. म्हणून वहीत फक्त "क्रमांक २३ खिडकीशेजारी एकटा बसवू नये" एवढंच. बाकीचं बाईंना समोर बसून सांगितलं आणि पालकांना विचारून मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं.

रजा १ सप्टेंबरपासून घ्यायची होती. त्याआधीचा आठवडा आम्ही दोघी एकत्र वर्गात राहणार होतो. पण तपासणीत माझं बीपी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी २१ ऑगस्टपासूनच विश्रांती सांगितली. एकत्र आठवड्याच्या जागी शाळा सुटल्यानंतरचा एक तास मिळाला. जे काही होतं ते वहीवरच राहिलं.

आठ दिवसांत बाईंचा फोन आला. "तू 'सातचा गट' लिहिलंयस, तो कोण? सात मुलं की सातचा पाढा?" पाढ्याचीच ती पाच मुलं होती. मी स्वतःसाठी वापरायचे ते शब्द तसेच वहीत उतरवले होते. त्या संध्याकाळी घरूनच प्रत्येक गटाचे हजेरी क्रमांक पाठवले. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींतही तोच गोंधळ होता. माझ्या नोंदी कुठं संपतात ते त्यांना कळेना. शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून सही केली असती तर हा प्रश्न आलाच नसता.

बाळ सप्टेंबरच्या मध्यात झालं. दिवाळीनंतर बाईंनी त्याच धर्तीवर नवी उदाहरणं दिली, ७२१ ÷ ७ आणि ५३५ ÷ ५ त्यांत होती, आणि वह्यांचे फोटो मला पाठवले. अकरापैकी तिघं अजून शून्य गाळत होते. वजाबाकीच्या सहांपैकी चौघांचं मात्र तसंच होतं. त्या गटासाठी मी वहीत एकच ओळ लिहिली होती, "वजाबाकीचा सराव घ्या." कुठल्या उदाहरणांचा, किती दिवस, काहीच नाही. बाईंनी स्वतःच ५२ − ४९, ६१ − ५६ अशी वजाबाक्यांची चिठ्ठी रोज पाच मिनिटं सुरू केली होती.

फेब्रुवारीत परत आले तेव्हा वही त्यांनी माझ्या हातात दिली. माझ्या निळ्या शाईखाली त्यांची हिरवी होती. त्या एका ओळीपुढं दीड पान भरलं होतं आणि शेवटी दोन हजेरी क्रमांक, ९ आणि ३४. सोमवारी पहिल्या तासाला मी त्याच दोघांच्या वह्या आधी उघडल्या.