तुम्ही विचारलंत म्हणून: रांगेतल्या पोरांबद्दल

“मॅडम, एवढी तरुण पोरं आणि हाताला काम नाही. आपल्याकडे भडका कधी उडणार?”

मी लोकसंख्येचा भूगोल शिकवते, म्हणून लग्नाच्या पंगतीतही हे मला विचारलं जातं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा तारीख हवी असते. ती माझ्याकडे नाही. पण जे आहे ते एकदा नीट सांगू द्या, कारण दरवेळी दुसऱ्या वाक्याला कुणीतरी, २०११ मध्ये तरुणांच्या उठावाने जिथली सत्ता उलटली, त्या ‘ट्युनिशिया’चं नाव घेतं आणि बोलणं तिथेच संपतं.

लोकसंख्येत तरुणांचा वाटा खूप वाढला की त्याला आम्ही तरुणांचा फुगवटा म्हणतो. तो मोजायचा तर भागायचं कशाने, इथपासून सुरुवात करावी लागते. दोन गावं घ्या, दोन्हीकडे शंभर माणसं, आणि पंधरा ते चोवीस वयाची वीस-वीस. पहिल्या गावात पंधराच्या आतली मुलं चाळीस आणि पंचविशीपुढची माणसं चाळीस. दुसऱ्यात मुलं वीस आणि मोठी माणसं साठ. एकूण लोकसंख्येत तरुण दोन्हीकडे वीसच टक्के. पण फक्त प्रौढांत, म्हणजे पंधरा आणि त्यापुढच्यांत, मोजले तर पहिल्या गावात साठांत वीस, म्हणजे तेहतीस टक्के. दुसऱ्यात ऐंशीत वीस, म्हणजे पंचवीस. पंचविशीपुढची माणसंच जागा अडवून बसलेली असतात आणि जागा निर्माणही तीच करतात, म्हणून खरा ताण दिसतो तो या दुसऱ्या मापात. हेन्रिक उर्दाल या नॉर्वेच्या अभ्यासकाने २००६ मध्ये याच मापाने अनेक देशांची अर्धशतकाची आकडेवारी तपासली. जिथे हा वाटा ३५ टक्क्यांवर गेला, तिथे सशस्त्र संघर्षाचा धोका विकसित देशांसारखी वयोरचना असलेल्या देशांच्या सुमारे अडीचपट निघाला. मात्र मागून येणारी लहान मुलं कमी होत गेली, की हा परिणाम मंदावतो असंही त्याला आढळलं.

२०११ च्या जनगणनेत भारताचा हा वाटा २७-२८ टक्क्यांच्या आसपास येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, म्हणजे मागून येणारा लोंढा आटतो आहे. पूर्वी मी वर्गात इथेच थांबायचे. फुगवटा वर्गातून वर्गात जातो तसा वयातून वयात पुढे सरकेल आणि ओसरेल, घाबरू नका, असं सांगायचे. ते गणित आजही बरोबर आहे. पण नव्याने येणारे कमी झाले म्हणून आधीचे सरकारी नोकरीची रांग सोडून जातात असं नाही, आणि हे मला आकड्यांनी शिकवलं नाही.

निफाड तालुक्यातला एक विद्यार्थी. घरची थोडी द्राक्षबाग, खुला प्रवर्ग, बी.ए. झाल्यावर पोलीस भरतीची तयारी. मधे त्याने नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम केलं. बारा तासांची पाळी, हातात बारा हजार, आणि काही महिन्यांनी ब्रेक. त्याने ते सोडलं तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोराला कष्ट नकोत. मला हे ऐकवत नाही. पोलीस शिपायाचं मूळ वेतनच २१,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते, आणि उद्या काढून टाकतील ही भीती नाही. या दोन कामांमध्ये एवढी दरी असेल तर काही वर्षं खोलीभाडं आणि मेस भरून वाट बघणं हा आळस नाही, हिशोब आहे. अडचण इतकीच की तोच हिशोब सगळ्यांनी केलेला असतो. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज १७ लाखांवर. एका जागेमागे शंभर.

शिवाय भरती दरवर्षी होत नाही. २०२१ च्या रिक्त पदांची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. शिपायाला खुल्या प्रवर्गात वयाची अट अठ्ठावीस. जाहिरात लांबली की वय मात्र थांबत नाही. मैदानावर तो चांगला होता, सोळाशे मीटरला आणि गोळ्याला दोन्हीकडे गुण चांगले पडायचे, पण लेखीत दोन-तीन गुणांनी जायचं.

एकदा परीक्षा रखडल्याच्या विरोधात पोरांनी नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ रास्ता रोको करायचं ठरवलं. हा तिथे गेला आणि परत फिरला. मी कारण विचारलं तर म्हणाला, “मॅडम, गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत उडतो. एवढ्या वर्षांची मेहनत जाते.” मला तेव्हा त्याचं शहाणपण वाटलं. नंतर लक्षात आलं की अभ्यासिकेत बसलेली सगळीच पोरं याच कारणाने गप्प आहेत. पोरं शांत आहेत ती समाधानी आहेत म्हणून नाही, त्यांना अजून काहीतरी गमवायचं आहे म्हणून. रांगच त्यांना धरून ठेवते.

मग तो अठ्ठावीस ओलांडून गेला. वडिलांना घेऊन घरी आला. वडील बोलत होते, बागेवरचं कर्ज, धाकट्याचं शिक्षण. हा खाली बघत होता. मी म्हणाले, राज्यसेवेला वयाची अट अडतीस आहे, ती दे. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आता गुन्हा दाखल झाला तरी काय फरक पडतो?” वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

पुढे काही महिने तो एका स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयात दिसायचा. पेट्रोल, जेवण आणि मोर्चाला माणसं जमवणं. त्याने कुणावर दगड उचलला नाही, हे मी ठामपणे सांगते, कारण तुम्ही लगेच तसं समजाल. पण ज्याचा दिवस रिकामा आहे त्याला बोलावणं स्वस्त पडतं. संघर्षावर लिहिणारे अभ्यासकही हेच कारण पुढे करतात: गमवायला काही उरलं नाही की भरती सोपी होते, मग ती कुठलीही असो.

म्हणून २०१६ मध्ये राज्याने सरकारी नोकरीची सर्वसाधारण वयोमर्यादा तेहतीसवरून अडतीस केली तेव्हा मी खूश झाले नाही. पाच वर्षं आशा वाढली हे खरं. पण पाच वर्षं रांगही लांबली, आणि बाहेर पडणारा माणूस आता अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दुसरं काम शोधतो. कारखाना त्याला कशाला घेईल? तरी ती मर्यादा कमी करा असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

आणि बेकारीचा दर बघून काही कळेल असंही समजू नका. तो आता बागेत असतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग, सगळं करतो. सरकारी पाहणीत घरच्या शेतीत बिनपगारी राबणारा माणूस रोजगारात धरतात. म्हणजे हा मुलगा रोजगारात आहे. उलट पदवीधर वाट बघू शकतात म्हणून बेकार दिसतात: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के आणि निरक्षर तरुणांत ३.४ टक्के आहे. निरक्षराला चांगलं काम मिळतं असा याचा अर्थ नाही. त्याला वाट बघणं परवडत नाही. मला एखादा आकडा हवाच असेल तर वयोमर्यादा ओलांडलेली पोरं दोन वर्षांनी काय करतात, याचा हवा आहे.

यंदा त्याचे वडील पुन्हा आले, धाकट्यासाठी. धाकट्याच्या वर्गात पोरं कमी होती, गावच्या शाळेत तर आता आणखी कमी आहेत. माझ्या जुन्या गणिताप्रमाणे याला सोपं जायला हवं. पण अभ्यासिकेत याच्या शेजारी थोरल्याच्या वयाचेच बसलेले आहेत. मी म्हणाले, आधी आयटीआय करू द्या, भरतीचं नंतर बघू. ते म्हणाले, “पण मॅडम, आयटीआय करून ठेकेदाराकडेच जायचं ना?” मी नाही म्हणू शकले नाही. धाकटा सध्या अभ्यासिकेत बसतो.